दारात येईल त्याची जाहिरात

धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी धुळ्यात मामांच्या दुकानात बसलो होतो. साड्या आणि रेडिमेडचं दुकान, आग्रा रोडजवळच. गर्दी मरणाची. तेवढ्यात एक गृहस्थ हातात पावतीपुस्तक घेऊन आले, शेवटची एकच जागा उरली आहे, तुमच्या समोरच्यांनी कालच बुक केलं, असं सांगितलं, आणि तीन मिनिटांत अकरा हजार रुपये घेऊन गेले. मामा इकडे गिऱ्हाइकाला पैठणीचा पदर दाखवत होते आणि तिकडे मान हलवून हो म्हणत होते. मी विचारलं, "नानामामा, ही जाहिरात कुठे येणार?" तर म्हणाले, "येईल रे कुठेतरी, दिवाळी आहे."

ही २०२४ची गोष्ट. तेव्हापासून डोक्यात जे साठलंय ते आज लिहून टाकतो. मामा हे वाचणार आहेत, मावशीही वाचणार आहे, त्यामुळे घरात वादळ होणार हे गृहीत धरलंय :-)

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडचा छोटा दुकानदार जाहिरातीवर पैसे कमी खर्च करतो असं नाही. तो पुष्कळ खर्च करतो. पण किती, कधी आणि कशावर हे तो ठरवत नाही, जो दारात येतो तो ठरवतो. आणि त्याला मग "धंद्याचा अंदाज" असं भारदस्त नाव देतो. एक वही, एक पंचांग आणि वर्षातले तीन रिकामे दिवस एवढ्यावर हे थांबवता येतं. तरी कोणी थांबवत नाही, कारण आधी ठरवलं तर नंतर चुकलो हे दिसतं. न ठरवण्यात ही एक सोय आहे.

आधी दाखला देतो. मामांचं एक दुकान धुळ्यात आणि मामेभाऊ चालवतो ते दुसरं जळगावला, फुले मार्केटच्या बाजूला. दोन्हींची मिळून वर्षाची विक्री साधारण १ कोटी २० लाख. २०२५च्या पाडव्याआधी मी आणि मामेभाऊ मागच्या वर्षाची सगळी व्हाउचरं घेऊन बसलो. जाहिरात या खात्यावर एकूण २ लाख ५२ हजार निघाले. त्यातले १ लाख ३१ हजार दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत गेलेले. ६१ हजार गेले स्मरणिका, मंडळाची कमान, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आणि "शुभेच्छुक" या सदरात. उरलेल्या सगळ्या वर्षाला, म्हणजे आखाजी, लग्नसराई, कानबाई, नवरात्र या सगळ्यांना मिळून ६० हजार. आणि एकाही व्हाउचरवर ही जाहिरात का दिली हे लिहिलेलं नव्हतं. एकाही!

पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे खाती वेगळी केली. शुभेच्छुकची जाहिरात ही जाहिरात नाहीच. ती वर्गणी आहे. गावात राहायचं तर वर्गणी द्यावी लागते, मामांचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग तिला वर्गणी म्हणा. वर्षाला ४० हजार, त्याचं वेगळं पाकीट, पाकीट संपलं की "पुढच्या वर्षी नक्की". जाहिरातीसाठी राहिले २ लाख. म्हणजे दोन्ही मिळून रुपयाच्या विक्रीला दोन पैसे, जवळजवळ आधी होते तेवढेच. एक पैसाही वाढवला नाही, फक्त त्याला घर दिलं.

आता या दोन लाखांचे तीन वाटे केले. १ लाख ४० हजार ठरलेल्या खर्चाला. ३० हजार चाचणीला, सहा-सहा हजारांच्या पाच जागा करून. आणि ३० हजार राखीव. हा काही वेदवाक्यातला हिशेब नाही, कोणी चाचणीला थोडं जास्त ठेवेल. पण तिन्ही वाटे पाहिजेतच. ठरलेला खर्च एकटाच असला तर दरवर्षी तीच चूक तारखेवर होते. चाचणी एकटी असली तर नुसता पोरखेळ. आणि राखीव नसेल तर पहिल्याच धक्क्याला सगळं कॅलेंडर गुंडाळावं लागतं.

कॅलेंडर म्हटलं की लोक जानेवारी ते डिसेंबर बारा चौकोन काढतात. इथेच पहिली चूक. खान्देशातला कपड्याचा धंदा तिथीवर चालतो. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. आता "या ऑक्टोबरची विक्री मागच्या ऑक्टोबरपेक्षा दुप्पट झाली, जाहिरात लागू पडली" असं कोणी म्हणालं तर काय म्हणायचं? जाहिरात नाही, दिवाळी अलीकडे सरकली. आखाजीचंही तेच. २०२४ला १० मे, २०२५ला ३० एप्रिल, २०२६ला १९ एप्रिल. त्यात २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. म्हणजे लग्नाच्या साड्यांची जाहिरात त्या महिन्यात टाकणं म्हणजे पाण्यात टाकणं, पण धोंड्याचा महिना म्हणून जावयाच्या कपड्यांना मात्र गिऱ्हाईक. इंग्रजी महिन्यांच्या चौकोनात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून आमच्या वहीत महिना नाही, सण आहे. प्रत्येक सणाआधीचे पंधरा दिवस म्हणजे एक खिडकी. आखाजी (बाहेरच्यांना सांगायला पाहिजे, आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, दिवाळीइतकंच मोठं प्रकरण), कानबाई, नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई. प्रत्येक खिडकीसमोर किती पैसे, कशावर, आणि तुलना मागच्या वर्षाच्या त्याच खिडकीशी. बस्स.

आता चाचणीचं. मामांचा आवडता मुद्दा असा की "आम्ही दर वर्षी काहीतरी नवीन करतोच की." करतात, पण दिवाळीत करतात, चार गोष्टी एकदम करतात, आणि नंतर कशाने काय झालं ते देवालाही सांगता येत नाही. आमचा नियम असा की एका जागेत एकच गोष्ट बदलायची, दिवाळीच्या खिडकीत चाचणी नाही, आणि सुरू करण्याआधीच वहीत लिहायचं की काय झालं तर चालू ठेवू आणि काय झालं तर बंद करू. हे शेवटचं सगळ्यात कठीण. पण तेच नसेल तर निकाल आल्यावर प्रत्येकजण आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

२०२५च्या कानबाईची चाचणी सविस्तर सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या वर्षी ३ ऑगस्टला आली. त्याआधी फक्त जळगावात पेपरमधून पाच हजार पॅम्प्लेटं टाकली, छपाई आणि टाकणावळ मिळून ६ हजार. धुळ्यात काहीच केलं नाही. पॅम्प्लेट घेऊन या आणि ब्लाउजपीस फुकट न्या, एवढंच लिहिलं होतं. गिऱ्हाइकाला "तुम्हाला कुठून कळलं?" असं विचारण्यात अर्थ नसतो, बाया म्हणतात "बोर्ड पाहिला" आणि विषय संपवतात. हातातला कागद खोटं बोलत नाही. (ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा जाहिरातवाला कुपनं मोजूनच कुठली जाहिरात चालते ते ठरवायचा, १९२३ मध्ये त्याने त्यावर पुस्तकही लिहिलं. म्हणजे शंभर वर्षं झाली, आपल्या बाजारात अजून पोचायचीय.)

पाच हजारांपैकी परत आली ४१. मामा म्हणाले, बघ, काय सांगत होतो! थांबा. बिलावर मोबाईल नंबर असतो, तो लावून पाहिला तर ४१ पैकी २६ जुनीच गिऱ्हाइकं. ती तशीही आली असती, त्यांना आपण उगाच ब्लाउजपीस वाटले. नवीन १५. त्यांची खरेदी सरासरी १४०० रुपये, म्हणजे २१ हजार. आमच्या धंद्यात रुपयामागे चार आणे सुटतात असं धरलं तर ५२५० रुपये. खर्च? ६ हजार आणि ४१ ब्लाउजपीस चाळीस रुपयांनी, मिळून ७६४०. सरळ तोटा. पितृपक्षात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वहीत हेच लिहिलं.

पण वहीत आधीच लिहिलेलं होतं की निर्णय पौषात घ्यायचा, पितृपक्षात फक्त बघायचं. पौषात पुन्हा नंबर काढले. त्या १५ पैकी ६ जणी दिवाळीला परत आल्या होत्या आणि मिळून २१ हजारांची खरेदी करून गेल्या होत्या. म्हणजे आणखी ५२५०. एकूण साडेदहा हजार, खर्च ७६४०. तोट्याचा फायदा झाला!

इथे मी खूष होऊन थांबलो असतो, पण मामेभाऊ माझ्यापेक्षा पक्का. तो म्हणाला, नवीन गिऱ्हाईक तर पॅम्प्लेट नसतानाही येतंच की. मग आम्ही त्या पंधरा दिवसांत बिलात आलेले एकूण नवे नंबर मोजले. जळगावात आदल्या वर्षी २७, या वर्षी ३८. धुळ्यात २५ आणि २४. म्हणजे वाढ ११ ची, पंधराची नाही. चौघी तशाही आल्या असत्या, फक्त हातात कागद होता. ११ च्या हिशेबाने साडेदहा हजाराचे राहतात ७७००. खर्च ७६४०. फायदा रुपये साठ फक्त.

आता कोणी हसेल की एवढा उपद्व्याप करून साठ रुपये. पण मला सांगा, यातलं कुठलं उत्तर खरं होतं? पहिल्या दिवशीचं "फेल", पौषातलं "मस्त", की शेवटचं "बरोबरीत"? आणि अकरा बाया म्हणजे आकडा तरी केवढा, एका वाड्यातल्या जावा-जावा मिळून आल्या तरी तो हलेल. म्हणून वहीत लिहिलं होतं त्याप्रमाणे पुढच्या कानबाईला तीच चाचणी, तेवढ्याच पैशात, पुन्हा एकदा. दोनदा खर्च निघाला तरच ती ठरलेल्या खर्चात जाईल. नाहीतर बंद.

दोन गावांत दोन दुकानं असण्याचा दुसराही उपयोग झाला. धुळे-जळगाव अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, एकाची जाहिरात दुसऱ्याचं गिऱ्हाईक फारसं वाचत नाही. २०२५च्या आखाजीला पेपरमधली १४ हजारांची जाहिरात फक्त जळगावला दिली. आधीच्या तीन आखाजींना जळगावात शंभर रुपये विकले गेले तर धुळ्यात ७४ ते ८३ रुपये विकले जात. ही हालचाल आपोआपच होते, कधी कापसाचे पैसे उशिरा, कधी लग्नं जास्त. जाहिरातीचा खर्च निघायचा तर जळगावात ५६ हजारांची जादा विक्री हवी होती, आणि तसं झालं असतं तर धुळ्याचा आकडा घसरून सत्तर-एकाहत्तरवर आला असता. आला ७९. म्हणजे जाहिरातीने स्वतःचा खर्च काढल्याची काही खूण नाही. पुढच्या आखाजीला ती दोन्हीकडे बंद करायची असं ठरलं. दिवाळीची मात्र ठेवली, कारण आखाजीचा निकाल दिवाळीला लागू होतो असं म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही. लक्षात घ्या, ही दोन गावांची तुलना मोठाच परिणाम दाखवते. पॅम्प्लेटसारखा लहान परिणाम त्या हेलकाव्यात बुडून जातो, तिथे कुपनच हवं.

आता राखीव. यावरून सगळ्यात जास्त भांडण झालं. मामा म्हणतात, "पैसे बाजूला ठेवून जाहिरात होत नाही, दिवाळीत लावून मोकळं व्हायचं." बरं. ३ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर घटस्थापनेला, लागू झाले. हजाराच्या वरच्या रेडिमेडवर १२ टक्के होते, ते अडीच हजारांपर्यंत ५ झाले. मधले तीन आठवडे गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, बावीस तारखेनंतर घेऊ. हे पाडव्याला कोणाला माहीत होतं? राखीवमधून ९ हजार काढले, दोन्ही दुकानांसमोर फ्लेक्स आणि तीन दिवस रिक्षावर भोंगा. मजकूर मात्र तोलून लिहावा लागला. साड्यांवर आधीपासूनच ५ टक्के होते, तिथे काही बदललं नाही, आणि अडीच हजारांच्या वरच्या तयार लेहंग्यावर तर १८ झाले. "कपडे स्वस्त झाले" असं लिहिलं असतं तर लग्नाच्या गिऱ्हाइकाने काउंटरवर येऊन वाभाडे काढले असते. म्हणून सरळ लिहिलं: १००० ते २५०० चे ड्रेस, पाचच टक्के. धंदा ठीक झाला. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की त्या नऊ हजारांसाठी दिवाळीची एकही जाहिरात कापावी लागली नाही.

आणि राखीव नुसतं खर्च करायलाच असतं असंही नाही. २०२०ची आखाजी २६ एप्रिलला, २०२१ची १४ मेला, दोन्ही वेळा दुकानाचं शटर खाली. आगाऊ दिलेल्या पैशांचं काय झालं ते मामांनाच विचारा. (विचारू नका.)

राखीवला कुलूप हवं, नाहीतर ती दुसरी दिवाळी होते. आमचं कुलूप असं: बाहेर काहीतरी नवीन घडलं असेल, किंवा पास झालेली चाचणी मोठी करायची असेल, तरच उघडायचं. "शेवटची जागा उरली आहे" हे नवीन घडणं नव्हे. मामा आणि मामेभाऊ दोघांचं हो हवं आणि मध्ये एक रात्र गेली पाहिजे. तुम्हाला सांगतो, त्या एका रात्रीनेच निम्म्या ऑफर मेल्या. सकाळी कोणाला आठवतच नाहीत. पाडव्यापर्यंत उरलं तर पुढच्या वर्षी जमा, उडवायचं नाही.

राहता राहिल्या तपासणीच्या तारखा. लोक म्हणतात "बसू एकदा दिवाळीनंतर." कोणी बसत नाही. दिवाळीनंतर दुकानदार झोपतो, आणि मग लग्नसराई. म्हणून तारखा तिथे ठेवल्या जिथे मामांना खरोखर काम नसतं. लग्नं आटोपल्यावरचा आषाढ, नवे कपडे कोणी घेत नाही तो पितृपक्ष, आणि मुहूर्त नसतात तो पौष. खान्देशातल्या पंचांगानेच ह्या तीन बैठका लावून दिल्या आहेत, आपण फक्त बसायचं. पाऊण तास, वही, बिलांचे आकडे. ठरलेले पैसे ठरलेल्या जागी गेले का? चाचणीचं आधी लिहिलेलं झालं का? राखीव कशावर उघडली? एवढंच. आणि दोन बैठकांच्या मध्ये, राखीव सोडून, काही बदलायचं नाही. गल्ला एक दिवस रिकामा दिसला म्हणून जाहिरात बदलणं म्हणजे भाकरी दर मिनिटाला उलटण्यासारखं आहे.

मामांचा शेवटचा आक्षेप अहिराणीतच ऐकण्यासारखा आहे. "तुना कागद देखीसन गिऱ्हाइक येई का रे भो?" नाही येणार मामा. गिऱ्हाईक कापसाचे पैसे हातात आल्यावर आणि पोरीचं लग्न ठरल्यावर येणार, ते तुमच्या शब्दावर आणि मालावर येणार. तीस वर्षं गल्ल्यावर बसून तुम्हाला जे कळतं ते मला वहीतून सात जन्मांत कळणार नाही. पण तेच ज्ञान दिवाळीआधी चार दिवस, हातात पैठणी आणि समोर पावतीपुस्तक असताना तुमच्या कामाला येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाडव्याच्या सकाळी, शांत डोक्याने चहा घेताना ते कामाला येतं. कॅलेंडर म्हणजे पाडव्याच्या मामांनी दिवाळीच्या मामांना लिहिलेली चिठ्ठी, एवढाच त्याचा अर्थ.

२०२५च्या दिवाळीत तेच गृहस्थ पुन्हा आले होते म्हणे. शेवटची जागा उरली होती. मामांनी गल्ल्याखालून वही काढली, चष्मा लावला, पान उलटलं आणि म्हणाले, "पौषात या, आमची बैठक असते."

पौषात ते काही आले नाहीत. असो.